विषय: मनाली सहल, आठवी ब – बॅग भरण्याआधी कृपया वाचा

नमस्कार पालकहो,

शनिवारी, 10 जानेवारीला आपण निघतोय. दोन दिवसांपासून फोनवर एकच प्रश्न येतोय, "बाई, जाड जॅकेट कुठलं घेऊ?" म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते.

एका महागड्या जॅकेटने थंडी भागत नाही. मनाली दोन हजार मीटरवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. पण दुपारी उन्हात मुलं घामाघूम होतात. म्हणून कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे हवेत. आत थर्मल, दोन जोड. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं, टोपीचं जॅकेट. थर्मलच्या आत सुती बनियन नको. ते घामाने ओलं होतं, वाळत नाही आणि अंगाला गार लागत राहतं. जीन्सचंही तेच, त्यामुळे प्रवासापुरती एकच द्या. बाकी ट्रॅक पँट.

मोजे मात्र सढळ हाताने द्या, सहा जोड तरी. बूट घालून बघताना जाड मोज्यांसकट बघा. बोटं आत हलली पाहिजेत, आवळलेल्या बुटात पाय जास्तच गारठतात. नवे बूट आतापासूनच क्लासला घालू द्या. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. "मला माकडटोपी नको" हे घरोघरी ऐकू येणार आहे, तिथे पोचल्यावर सगळे निमूट घालतात. सोलंगला बर्फात घालायचे बूट आणि सूट भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नका. त्याचे पैसे सहलीच्या शुल्कात धरले आहेत.

व्हॅसलीन, सनस्क्रीन, गॉगल आठवणीने. बर्फावरून ऊन परावर्तित होतं, चेहरे भाजून निघतात. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे "मुलगी फोन का उचलत नाही" म्हणून घाबरू नका; रात्री साडेआठला मी ग्रुपवर हजेरी टाकीन.

चंदीगडहून पुढे रात्रभर घाटातली बस आहे. गाडी लागणाऱ्यांची औषधं नाव आणि डोस लिहून माझ्याकडे द्या, मुलांच्या खिशात नको. सोबत दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या. खाऊ कोरडा द्या, लोणच्याची बरणी नको. मागच्या सहलीत एक बरणी फुटली आणि तीन जणांचे स्वेटर परत येईपर्यंत कैरीच्या वासाचे होते.

बॅग एकच, आणि ती मुलांनी स्वतः भरायची. तुम्ही भरलीत की मोजे कुठे आहेत ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. भरल्यावर ती उचलून त्यांना दोन जिने चढायला लावा. धाप लागली तर सामान कमी करा, वांद्रे टर्मिनसला उचलायला तुम्ही असाल, चंदीगडला नसाल.

ज्यांच्याकडे स्वेटर-जॅकेट नाही त्यांनी संकोच न करता मला वेगळा मेल करा. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली सात-आठ जॅकेटं धुऊन ठेवली आहेत. मापं बघायला गुरुवारी, 8 तारखेला, शाळा सुटल्यावर या.

आपली,
वर्गशिक्षिका, आठवी ब