सत्तर रुपये वारले

शुक्रवार

ओंकार, रात्री ९.१२
टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या मृणाल मॅडम इथंच राहतात का?

मृणाल, ९.२०
इथंच राहतात. पण धनंजय मानेंना हुडकत येणाऱ्याचा निर्लज्जपणा टाईप करून येत नसतो. व्हॉइस नोट पाठव.

ओंकार, ९.२३
(व्हॉइस नोट, ६ सेकंद)

मृणाल, ९.२४
नापास. गल्ली जागी होईल असं विचारायचं असतं गा. तू दूधवाल्यानं उधारी मागावी तसं विचारलास.

ओंकार, ९.२५
गल्ली जागी झाली तर पहिले तुझे पप्पा उठतील.

मृणाल, ९.२५
ते उठलेलेच आहेत. आणि उधारीवरून आठवलं. गेल्या रविवारी पॉपकॉर्नचे सत्तर मी दिले होते. माझे सत्तर रुपये?

ओंकार, ९.२६
वारले.

मृणाल, ९.२६
कधी?

ओंकार, ९.२८
इंटरव्हलनंतर. तू हसता हसता अर्धा पुडा माझ्या मांडीवर उपडा केलास ना, तेव्हाच त्यांनी मान टाकली. १९८८ च्या "अशी ही बनवाबनवी"त वसंत सबनीसांनी हे लिहिलं तेव्हा सत्तर रुपयांसाठी घरमालकानं भाडेकरूचा गळा धरणं शोभायचं. आता तेवढ्यात एक पुडा पॉपकॉर्न, तोही खारट.

मृणाल, ९.३०
मग तेराव्याला पाव किलो कुंदा लागेल. चांगला तपकिरी झालेला आण. दूध नीट आटवलेलं नसलं की पांढरट राहतो आणि नुसता पेढ्यासारखा लागतो. तसला आणलास तर सत्तर रुपयांचं भूत तुझ्या मानगुटीवर.

ओंकार, ९.३१
भूत कुठं राहतं? टिळकवाडीतच असेल तर बसू दे मानगुटीवर.

शनिवार

मृणाल, दुपारी १.०५
(फोटो)
खरं सांग. हा लिंबू कलर आहे की नाही? दुकानदार "लेमन" म्हणाला, आई "हळदी" म्हणाली. उद्या हीच नेसायचं चाललंय.

ओंकार, १.१८
फोटोवरून निकाल देत नाही. ट्यूबलाईटखाली काढलीस ना? ट्यूबच्या उजेडात हिरवट झाक असते आणि मोबाईल स्वतःच्या मनानं पांढरा रंग ठरवतो, त्यात पिवळ्याचा पहिला बळी जातो. दिवा बंद कर, खिडकीजवळ जा, ऊन थेट अंगावर घेऊ नको, खिडकी तुझ्या बाजूला ठेव. शेजारी एक कोरा पांढरा कागद धर. कागद पांढरा दिसला तर साडीचा रंग खरा.

मृणाल, १.२६
(फोटो)
कागद नव्हता, पासबुक धरलं.

ओंकार, १.२७
बँकवाल्यांचं असंच. पासबुक निळं आहे गे.

मृणाल, १.२८
आतलं पान धरलंय. नीट बघ की.

ओंकार, १.३३
बघितलं. पाच मिनिटं बघितलं. लिंबू कलरच आहे. अश्विनी भावेंच्या साडीला पडद्यावर जे जमलं ते इथं खिडकीच्या उजेडात जमलंय. एकच तांत्रिक अडचण, पिवळ्या कापडावरून उजेड उसळतो आणि हनुवटीखाली पिवळी सावली पडते. लग्नाच्या व्हिडिओत मी ती एडिटिंगला बसून काढून टाकतो, नाहीतर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते.

मृणाल, १.३४
माझी पण काढलास?

ओंकार, १.३६
नाही. राहू दिली. तिथं बरी दिसते.

मृणाल, १.४९
१३ मिनिटं काउंटरवर गर्दी होती. लगेच उत्तर दिलं नाही याचा भलता अर्थ काढू नको.

ओंकार, १.५०
शनिवारी दुपारी दीड वाजता बँकेत गर्दी? बरं. अर्थ काढत नाही, साठवून ठेवतो.

शनिवार, रात्री

ओंकार, १०.०२
काय करूलालीस?

मृणाल, १०.०४
"सैराट" लागलाय. विहिरीचा सीन आत्ता गेला.

ओंकार, १०.०५
अरे! मग आर्चीचं वाक्य आलं का?

मृणाल, १०.०७
कुठलं? मराठीत सांगितलेलं कळत नाही का, ते?

ओंकार, १०.०८
पुढचं म्हण.

मृणाल, १०.०८
कन्नडमध्ये सांगू?

ओंकार, १०.०९
चूक. इंग्लिशमध्ये.

मृणाल, १०.१२
चूक तुझी. बेळगावात राहतोस, करमाळ्यात नाही. आणि आर्चीनं कन्नडमध्ये पण काम केलंय बाबा. "मनसु मल्लिगे", २०१७. तीच रिंकू राजगुरू, तीच गोष्ट, नुसती भाषा दुसरी. परश्या मात्र दुसरा.

ओंकार, १०.१५
हेच मला भारी वाटतं. हिरो बदलला, दिग्दर्शक बदलला, भाषा बदलली, पण आर्ची बदलायची कुणाची हिंमत झाली नाही. मी निर्माता असतो तरी हेच केलं असतं.

मृणाल, १०.१६
कुणाला ठेवला असतास?

ओंकार, १०.१६
लिंबू कलरवालीला.

मृणाल, १०.१९
त्या वाक्याची खरी गंमत सांगू? ती धमकी आहे, लाजणं नाही. पोरगी लाजणार म्हणून पोरगा तयारीत असतो आणि ती त्याला चारचौघांत दम देते. कुठं हसू नाही, डोळा मारणं नाही. म्हणून ते तसंच म्हणायचं, कोरड्या तोंडानं. मेसेजमध्ये शेवटी हसरा चेहरा लावला की सगळं पाणी.

ओंकार, १०.२०
म्हणून तू एकदाही लावत नाहीस होय? मला वाटायचं रागावलेली असतेस.

मृणाल, १०.२१
दोन्ही.

ओंकार, १०.२४
बरं, एक प्रस्ताव. पाऊस संपायच्या आत लोंढ्यावरून कॅसलरॉक, पुढं दूधसागर. शाहरुख-दीपिकाची गाडी थांबते तिथं.

मृणाल, १०.३१
त्या गाडीचा मला आधीच राग आहे. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, वाडी, गुंतकलवरून जाते. ती आपल्या घाटात कशाला आली होती?

ओंकार, १०.३२
वाट चुकली म्हणून तर दीपिका भेटली.

मृणाल, १०.३३
हे तू आधीच लिहून ठेवला होतास.

ओंकार, १०.३३
दुपारपासून.

मृणाल, १०.३७
तयारीला दोन मार्क. पण गाडीतून खाली उतरायचं नाही. तिथं रुळावर उतरणाऱ्यांना रेल्वेवाले पकडतात, आणि जोराचा पाऊस असला की मधे दरीभर धुकं. धबधबा फक्त ऐकायचा. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं. आणि एक, दारातून हात बाहेर काढून मला चढव म्हणायचं नाही. राजनं ते सगळं आपटा स्टेशनावर केलंय, शूटिंगच्या गाडीवर, आणि खाली हात पकडणारी सिमरन धावायच्या तयारीची होती. मी साडीत धावत नाही.

ओंकार, १०.३९
मग मी खाली उतरतो. गाडी गेली तरी चालेल.

मृणाल, १०.४०
बडे बडे देशों में...

ओंकार, १०.४०
खानापूर तालुका एवढा मोठा नाही गे.

रविवार

मृणाल, सकाळी ९.१५
तिकीट काढलास? बाल्कनीच घे. पहिल्या चार रांगा नको, मान वर करून अडीच तास बसलं की सोमवारी काउंटरवर मी डोकं हलवू शकत नाही, लोकांना वाटतं सगळ्याला नाही म्हणते.

ओंकार, ९.२१
काढली. मधोमध, पडद्यापासून दोन तृतीयांश मागं. आवाज तिथं नीट जुळून येतो, डावी-उजवीकडचा सारखा. अगदी मागच्या भिंतीला टेकलं की ढोलाचा आवाज भिंतीवरून परत येतो, बोलणं गढूळ होतं. दोन खुर्च्या, मधला हात एकच. तो कुणाचा हे इंटरव्हलपर्यंत ठरवू.

मृणाल, ९.२२
तो माझा. कायमचा.

ओंकार, ९.२२
हात की खुर्चीचा हात?

मृणाल, ९.२३
ऊट आतेन?

ओंकार, ९.२५
विषय बदललीस. आणि सकाळी सव्वानऊला जेवण झालं का विचारतेस, म्हणजे बावरलीस. हो, पोहे खाल्ले.

मृणाल, ९.३०
एवढं कन्नड आलं म्हणजे तुला "मुंगारु मळे" दाखवायला हरकत नाही. गणेश, पूजा गांधी, जोगचा धबधबा आणि देवदास नावाचा ससा. सबटायटल लावायची नाहीत. मी कानात सांगेन.

ओंकार, ९.३२
कानात सांगितलेलं अर्धं चुकतं. पडद्यावर वाक्य संपतं, मग तू सांगणार, तोवर पुढचं वाक्य निम्मं झालेलं असतं. दर वाक्याला आपण तीन सेकंद मागं पडू.

मृणाल, ९.३३
मग काय?

ओंकार, ९.३४
मग काही नाही. मागंच राहू की.

मृणाल, ९.४१
बरं, गृहपाठ. त्यातलं सोनू निगमचं गाणं, जयंत कायकिणींनी लिहिलेलं. "अनिसुतिदे" म्हणजे काय ते हुडकून ये. शब्दकोश चालेल, शेजारच्या काकूंना विचारलेलं चालणार नाही, त्या माझ्या आईला सांगतील.

रविवार, रात्री

ओंकार, ९.५०
पोचलीस?

मृणाल, ९.५२
पोचले. दुसऱ्या गेटाला रेल्वे लागली होती, दहा मिनिटं थांबले. कुंदा खरोखर तपकिरी होता. सत्तर रुपयांना सद्गती मिळाली.

ओंकार, ९.५३
गृहपाठ तपासलाच नाहीस.

मृणाल, ९.५३
सांग.

ओंकार, ९.५५
अनिसुतिदे म्हणजे "वाटतंय". पुढची ओळ पण हुडकली, ती लिहीत नाही. मला काय वाटतंय ते मराठीत सांगितलं तर कळेल ना?

मृणाल, ९.५६
मराठीत नको. मराठीत सगळी गल्ली ऐकते.

ओंकार, ९.५६
इंग्लिशमध्ये सांगू?

मृणाल, ९.५७
त्यात कायम सबटायटल वाचल्यासारखं वाटतं. थांब, मी सांगते. नीनु ननगे इष्ट.

ओंकार, १०.०१
काकूंना न विचारता कळलं. शेवटचा शब्द आपलाच आहे.

मृणाल, १०.०२
मग आता गप्प बस.

ओंकार, १०.०३
एकच शंका. तिथं "इष्ट" आहे की "इश्श"?

मृणाल, १०.०९
(व्हॉइस नोट, २ सेकंद)