अमळनेरकरांनो, नंबर तपासून घ्या अन् नवीन फ्रेमा बघून जा

राम राम मंडळी! बसस्टँडजवळच्या आपल्या चष्म्याच्या दुकानात नवीन फ्रेमा आल्यात, नंबर तपासणी रोज चालूच आहे. तपासणीचे 100 रुपये, चष्मा इथेच बनवला तर बिलातून वजा.

अर्धा तास हातात ठेवून या, घाईत नंबर काढत नाही. आधी कॉम्प्युटरवर बघतो पण तो अंदाज असतो, त्यावरून डायरेक्ट चष्मा नाही बनवत. मग ट्रायल फ्रेम घालून एकेक काच बदलत "आधीची बरी का आताची" असं विचारत जातो, आणि शेवटी तीच घालून दुकानाबाहेर जरा चालून या म्हणतो, पायरी वरखाली वाटली, गरगरलं तर लगेच सांगायचं, परत बघू. वाचता न येणाऱ्या आजी-आबांसाठी दिशा दाखवायचा तक्ता आहे. जुना चष्मा सोबत आणाच.

चाळिशीच्या आसपास पेपर लांब धरावा लागतो, सुईत दोरा जात नाही, हे वयानुसार बहुतेकांना होतं, त्याला जवळचा चष्मा. लांबचं-जवळचं एकाच काचेत पाहिजे असेल तर प्रोग्रेसिव्ह, त्यात मधली रेघ दिसत नाही, पण सवय व्हायला काही दिवस जातात आणि कडेला थोडं धूसर दिसतं, हे घ्यायच्या आधी सांगतो.

फ्रेमा 350 पासून. पोरांना पॉलिकार्बोनेट काच घ्या, साध्या काचेसारखी पटकन फुटत नाही. शेतात आणि गाडीवर फिरणाऱ्यांना उन्हात काळी होणारी काच बरी पडते, पण कारमध्ये ती कमी काळी होते कारण पुढची काच अतिनील किरणं बरीच अडवते. आणि भो, मे महिन्यात चष्मा गाडीच्या डिकीत नाहीतर डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात कोटिंगला बारीक तडे जातात, मग कितीही पुसा, काच धुरकटच.

निळा उजेड अडवणारी ब्लू कट काच पाहिजे असेल तर देतो, पण मोबाईलने डोळे थकायचे थांबतील असं आम्ही म्हणणार नाही, तसं पक्कं सिद्ध झालेलं नाही. चष्म्याने नीट दिसतं, नंबर जात नाही.

आम्ही डॉक्टर नाही. डोळा दुखतोय, लाल झालाय, अचानक दिसायचं कमी झालं, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतंय, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. शुगर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्या, ती चष्म्याच्या तपासणीत होत नाही. शुगर वरखाली असताना नंबरही बदलतो, म्हणून ती जरा स्थिर झाली की चष्म्याला या.

साधा नंबर असला तर चष्मा दुसऱ्या दिवशी, प्रोग्रेसिव्हला आठवडा. नाकाची पॅड, स्क्रू, वाकडी दांडी फुकट नीट करून देतो, चष्मा कुठूनही घेतलेला असो. सकाळी 10 ते रात्री 8, रविवारी दुपारपर्यंत. येण्याआधी ह्याच नंबरवर व्हॉट्सॲप टाकलं तर ताटकळावं लागणार नाही.