वर्तुळातले रंग: मंडल, रंगीत काच आणि मोझेइकसाठी सहा चित्रविषय

आठवड्याला एक विषय घ्या. साहित्य तेच: 20 सेंमीचा चौरस कागद, कंपास, कोनमापक, एक काळं पेन आणि सपाट रंग. अट सहाही चित्रांना एकच आहे. केंद्राभोवती चित्र फिरवलं तर आकार जिथल्या तिथे बसले पाहिजेत आणि प्रत्येक रंगाचं क्षेत्र चारही बाजूंनी बंद असलं पाहिजे. एका क्षेत्रात एकच रंग भरा. छटा विरघळवू नका, सावल्या देऊ नका. रेषा कुठेही सुटली, अगदी केसाएवढी, तरी ते क्षेत्र बंद झालं असं मी धरणार नाही.

पहिला: बारा पाकळ्यांचं मंडल

9 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि 30 अंशांचे बारा भाग पाडा. मधोमध 1 सेंमी त्रिज्येची चकती ठेवा. तिच्या कडेपासून बारा टोकदार पाकळ्या फुलू द्या, शेजारच्या दोन पाकळ्या बुंध्याशी एकमेकींना टेकलेल्या. दर दोन पाकळ्यांच्या खाचेत मागून डोकावणारी दुसऱ्या ओळीची पाकळी, आणि सगळ्यांच्या बाहेर सलग कडं. पुढच्या पाकळ्या एकाआड एक शेंदरी आणि गडद निळ्या, मागच्या सगळ्या पिवळ्या, कडं काळपट हिरवं. बारा सम संख्या आहे म्हणून दोन रंगांत भागतं. मागच्या पाकळ्या एकमेकींना शिवत नाहीत, म्हणून त्यांना एकच रंग चालतो. रेषा सगळीकडे सारख्या जाडीची हवी.

दुसरा: आडव्या चिरलेल्या सफरचंदाची खिडकी

सफरचंद देठापासून उभं न कापता आडवं कापा. आत बियांच्या पाच कप्प्यांची चांदणी दिसते. ती चांदणी केंद्रात घेऊन 60 सेंमी व्यासाच्या गोल खिडकीचा आराखडा कागदावर लहान प्रमाणात करा. रेषा म्हणजे इथे शिशाची पट्टी. ती नुसती सजावट नाही, काच तिच्यातच धरलेली असते. म्हणून हवेत तरंगणारी बी चालणार नाही. काचेच्या तुकड्याला मधेच भोक पाडून त्यात दुसरा तुकडा बसवणं जवळजवळ अशक्य असतं. प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांपासून एकेक रेषा निघून कप्प्याच्या कडेला मिळाली पाहिजे. म्हणजे बीभोवतीच्या कप्प्याचे दोन तुकडे होतील, आणि ते व्हायलाच हवेत.

पाच विषम आहे, त्यामुळे एकाआड एक रंगाची युक्ती इथे फसते. शेवटचा कप्पा पहिल्याशेजारी येतो आणि दोन सारखे रंग एकमेकांना टेकतात. पाचही कप्प्यांना एकच फिकट हिरवा द्या आणि प्रत्येक दोघांमध्ये गराची एक पांढरी पाचर सोडा. बाहेरची साल लाल, पण तिचेही पाच तुकडे करा. पूर्ण गोल कडं एकाच काचेतून कोणी कापत नाही.

चंद्रकोरीसारखा आत खोल वळणारा तुकडा आला तर तो मधून दोन करा, कारण काच त्याच वळणावर तडकते.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीचं संयुग लावून आणि भट्टीत भाजून एकाच काचेवर पिवळी छटा आणता येऊ लागली. त्यामुळे शिशाच्या रेषेशिवाय रंग बदलता येतो. सुंदर सोय आहे, पण या चित्रात ती वापरू नका.

तिसरा: केंद्रातला गोंधळ सोडवा

तीच खिडकी, 60 सेंमी व्यासाची. आता 16 किरण काढा. सगळे किरण एका बिंदूत आणलेत तर तिथे 16 पट्ट्या आणि डाखाचा गोळा होईल, रंग दिसणारच नाही. म्हणून मधे 8 सेंमी व्यासाची अंबरी चकती ठेवा. तिचा परीघ सुमारे 25 सेंमी. सोळा वाटे केले तर प्रत्येक तुकड्याच्या बुंध्याला दीड सेंमीच उरतात, आणि शिशाची 6 मिमीची पट्टी त्यातलं बरंच खाते. आठच वाटे केले तर तीन सेंमीहून जास्त मिळतात. तेव्हा चकतीपासून आठच किरण निघू द्या आणि 15 सेंमी त्रिज्येच्या वलयावर प्रत्येकाला दोन फाटे फोडा. आतल्या वलयाला जांभळा आणि पांढरा, बाहेरच्याला निळा आणि हिरवा. हा विषय मला सर्वांत आवडतो, कारण इथे रेषेचा विचार रंगाच्या आधी करावाच लागतो.

चौथा: चांदण्यांचं छत

इटलीत रॅव्हेना इथे गाला प्लासिडियाच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातली छोटी इमारत आहे. तिच्या घुमटात गडद निळ्या आकाशावर सोनेरी चांदण्यांची एकात एक वर्तुळं आहेत, मधे सोनेरी क्रूस. केंद्राकडे जाताना चांदण्या लहान होतात आणि घुमट आहे त्याहून उंच वाटतो. एवढीच युक्ती उचला, बाकी नक्कल नको. केंद्रात बारा टोकांची चांदणी, भोवती तीन वलयांत प्रत्येकी बारा, बाहेरच्या सर्वांत मोठ्या.

मोझेइकचे तुकडे 1 सेंमीचे आणि मधली फट 2 मिमीची धरून लहान प्रमाणात रेखाटा. 30 सेंमी त्रिज्येच्या ओळीचा परीघ 188 सेंमी येतो, म्हणजे 157 तुकडे. ते बाराने भागत नाहीत. 156 घ्या, प्रत्येक भागात तेरा, आणि उरलेली जागा फटींमध्ये वाटून टाका, कोणाला कळणारही नाही. एक तुकडा कापून बसवला तर मात्र तीच जागा डोळ्यात खुपत राहते. प्रत्येक चांदणीला लागून निळ्या तुकड्यांची एक ओळ तिच्याच आकाराने फिरवा, मग वलयांच्या ओळी सुरू करा. चांदणी ठसठशीत होते ती या एका ओळीमुळे. सोनेरी, गडद निळा, थोडा फिकट निळा, एवढे तीनच रंग. फट राखाडी, पांढऱ्या फटीने निळा फिका पडतो.

पाचवा: टोकावर उभे चौकोन

फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलची उत्तरेकडची गोल खिडकी तेराव्या शतकातली. तिच्यात बारा राजे बारा चौकोनांत आहेत, आणि चौकोन वर्तुळाबरोबर वळलेले. तशी मांडणी घ्या, माणसं काढू नका. बारा चौकोन, प्रत्येकाचा कर्ण त्रिज्येवर. प्रत्येक चौकोनात चार त्रिकोण: समोरासमोरचे दोन लाल, उरलेले दोन निळे. चौकोनांमधल्या पाचरींना धुरकट पांढरा. लाल आणि निळा शेजारी आले की लांबून जांभळे भासतात, म्हणून त्यांच्यामधली रेषा इतरांपेक्षा दुप्पट जाड ठेवा. रंगवून झाल्यावर भिंतीला लावा आणि पाच पावलं मागे जाऊन बघा.

सहावा: फिरकी

नऊ पाती, 40 अंशांवर एकेक, सगळी एकाच दिशेला वाकलेली. आरशातली प्रतिमा इथे जुळणार नाही, फक्त फिरवणं जुळेल. रंग तीन, याच क्रमाने तीनदा: विटकरी, मोरपंखी, हळदी. सात पाती घेऊ नका. तीन रंगांचा क्रम साताला पुरा पडत नाही आणि कुठेतरी सांधा दिसतोच. मग त्याच रेखाटनाची काळ्या-पांढऱ्यातली प्रत काढा. दोन शेजारी पाती तिच्यात एकसारखी राखाडी दिसली तर त्यातला एक रंग फिका किंवा गडद करा आणि दुसरी प्रत काढा.