सोमवारची आढावा बैठक बंद. १ तारखेपासून रोज पाळी बदलताना पंधरा मिनिटं

सर्व सुपरवायझर, लॅब, मेंटेनन्स आणि डिस्पॅचच्या सहकाऱ्यांना नमस्कार,

दर सोमवारी सकाळी दहाला होणारी आपली आढावा बैठक आता बंद करतोय. २५ तारखेची शेवटची.

मंगळवारी ओतलेल्या कास्टिंगला ब्लो होल आले, तर त्यावर आपण बोलतो पुढच्या सोमवारी. तोवर ती वाळू कितीदा तरी फिरून नव्या साच्यांत गेलेली असते. ओलावा वाढला होता, कोअर नीट भाजला नव्हता की धातू थंड ओतला गेला, हे कागदावरून सांगता येत नाही. मग मोल्डिंग आणि मेल्टिंग एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन्हीकडची माणसं मन लावून काम करणारी आहेत, त्यांच्यावर ही वेळ यायला नको. शिवाय रात्रपाळी करून आलेला माणूस बैठकीसाठी दुपारपर्यंत थांबतो आणि मग खानापूरची किंवा चंदगडची गाडी धरतो. भट्टीपुढे रात्र काढलेल्याला असं बसवून ठेवणं मला पटत नाही.

१ तारखेपासून रोज सकाळी सातला, फेटलिंगजवळच्या रिजेक्शनच्या जाळीपाशी, दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर उभ्याने भेटतील. खराब निघालेलं कास्टिंग समोर असेल, त्यावर खडूने हीट नंबर लिहिलेला असेल आणि लॅबने त्या पाळीचं वाळूचं रीडिंग आणलेलं असेल. काय बिघडलं, आज काय ओतायचं, कुठे अडलंय, एवढंच बोलायचं. कोण काय करणार आणि कधीपर्यंत, ते तिथल्याच फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहायचं. सव्वासातला रात्रपाळी मोकळी. ही पंधरा मिनिटं हजेरीत धरली जातील.

डिस्पॅचची निकड आजवर सोमवारीच कळायची. आता दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या पॅटर्नची यादी रोज दुपारी चारच्या आत त्याच फळ्यावर लागेल. चारनंतर बदल झाला तर डिस्पॅचने मोल्डिंगला स्वतः जाऊन सांगायचं, निरोप पाठवायचा नाही.

भट्टीचं लायनिंग, नवीन जॉब, मशीनचा खर्च हे विषय पंधरा मिनिटांत बसणारे नाहीत. त्यांच्यासाठी महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी साडेतीनला कॅन्टीनमध्ये बैठक होईल.

सोमवारच्या बैठकीतली एक गोष्ट मात्र मला सोडायची नाही. वाळू मुठीत दाबून, मोडून, ओलावा ओळखणारे मामा बोलायला लागले की नवीन मुलं कान देऊन ऐकायची. लॅबचा आकडा येण्याआधी हात काय सांगतो, हे त्यांना दुसरं कोण शिकवणार? म्हणून शनिवारी पहिला अर्धा तास एकच कास्टिंग टेबलावर ठेवायचं आणि जुन्या मंडळींनी त्यावर बोलायचं. आयटीआयमधून आलेल्या सगळ्या मुलांनी त्या वेळेला हजर राहायचं.

सातची वेळ कुणाला बसच्या वेळेमुळे जमत नसेल, तर २५ तारखेपर्यंत मला भेटून सांगा. दोन महिन्यांनी रिजेक्शनचे आकडे समोर ठेवून वेळ आणि पद्धत पुन्हा ठरवू.

वर्क्स मॅनेजर
उद्यमबाग, बेळगाव