यंदाचे राशिभविष्य: दप्तरात शनी, डब्यात गुरू

(नववी ‘ब’च्या ज्योतिषमंडळाने मधल्या सुट्टीत, पिंपळाखाली, तीन पुडे भडंग संपवून काढलेले. पत्रिकेऐवजी जुनी प्रगतिपुस्तके मांडली होती.)

मेष : तुमच्या पेनांची टोपणे कळपाने घर सोडतील. रंकाळ्याच्या काठावर ऊन खात बसलेली सापडतील. हाका मारू नका, बुजतात.

वृषभ : दाजीपूरचा गवा स्वप्नात येऊन पायथागोरसचे प्रमेय विचारेल. त्यालाही येत नसल्याने दोघे मिळून पाठ कराल. परीक्षेत तोच प्रश्न पडेल आणि तुमचे अक्षर गव्यासारखे येईल.

मिथुन : हजेरी दोन बाकांवर लागेल. डबाही दोनदा खा.

कर्क : राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. तुमच्या पाण्याच्या बाटलीनेही हीच विद्या घेतली आहे. जुलैत ती दप्तरात, बरोबर मराठीच्या वहीवर उघडेल. वही पंख्याखाली वाळत घाला, पण ‘माझा आवडता ऋतू’ हे पान ओलेच ठेवा. बाई बोट लावून बघतील, चिखलाचा वास घेतील आणि ‘वर्णन जिवंत’ असा शेरा देऊन अर्धा गुण वाढवतील.

सिंह : राशीचा स्वामी सूर्य. किरणोत्सवात मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. शेवटच्या तासाला त्यांतला एक चुकून तुमच्या बाकावर येईल. तुम्ही पेंगत असाल, पण सरांना वाटेल चेहऱ्यावर तेज चढले.

कन्या : गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावाल आणि ओठावर फेसाची पांढरी मिशी उमटेल. बाहीने पुसा, रुमालाने पुसा, जाणार नाही. सोमवारी वर्गात शिरताच पीटीचे सर ‘या वस्ताद’ म्हणून खुर्ची देतील. मुलींनाही हेच फळ.

तूळ : तांबडा की पांढरा, याचा निकाल तीन रविवार लागणार नाही. चौथ्या रविवारी आई दोन्ही एकाच वाटीत ओतेल. रंग गुलाबी, भाग्य उत्तम.

वृश्चिक : मिसळीचा कट पिऊन ‘काय तिखट न्हाई’ म्हणाल. नंतर तीन दिवस कान शिट्टी वाजवतील. केएमटीचा ड्रायव्हर गाडी सोडेल.

धनू : नव्या कोल्हापुरी चपलेचा करकर आवाज झपतालात येईल. संमेलनात तबलजी आला नाही की तुम्हाला स्टेजवर येरझाऱ्या घालायला लावतील. टाळ्या पडतील. एक अंगठा सोलवटेल, त्यावर खोबरेल तेल.

मकर : खिडकीची जागा मिळेल. खिडकी मिळणार नाही.

कुंभ : जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल दिवाळीपर्यंत कानातून निघत राहील. शिंकलात की पुढचा बाक ‘चांगभलं!’ म्हणेल.

मीन : रंकाळ्यातला एक मासा तुम्हाला नावाने ओळखेल आणि गृहपाठ मागेल. द्या. शुभ अंक 35, शुभ वार शाळेला सुट्टी असेल तो.