आईने डाळ परत केली

माझा पहिला पगार तीन महिन्यांचा एकदम झाला. २००६ च्या जुलैत मी कोकणातल्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून हजर झाले. मग कागदपत्रं, बँकेचं खातं, बिलावरच्या सह्या असं एकेक होता होता दिवाळी तोंडावर आली. महिना तीन हजार रुपये. त्याच शाळेत, शेजारच्याच वर्गात शिकवणारे गुरुजी ४५००-७००० च्या वेतनश्रेणीत होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. आम्हाला मात्र तीन वर्षं तीन हजारच, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेलं होतं. तेव्हा त्याचा रागही आला नाही. डी.एड. करून घरी बसलेल्या मैत्रिणी डोळ्यांसमोर होत्या. राग आला तो दुसऱ्या वर्षी, आणि चांगला टिकला.

बँकेत स्लिप भरून जवळजवळ सगळेच पैसे काढले. घरमालकिणीचं देणं होतं. तिने तीन महिने भाडं मागितलं नव्हतं आणि वर तांदूळही दिले होते. ते चुकतं केल्यावर सात हजारांच्या आत रक्कम उरली. ती रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली आणि रत्नागिरी-कोल्हापूर गाडीत बसले. आंबा घाटात एरवी मला हमखास मळमळायचं. त्या दिवशी सगळा घाट पर्सवर हात ठेवण्यात गेला.

आमचं घर इचलकरंजीत. दादा, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर. आई सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर. मागावरची मजुरी कापडाच्या मीटरवर आणि त्यातल्या पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, ठरते. माग चालला तर कापड, कापड पडलं तर पैसे. त्या वर्षांत भारनियमनाने कहर केला होता. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि त्या शांततेत आम्हा पोरांनाही कळायचं की आता आठवडा कमी पडणार. सूत महागलं, मालाला उठाव नाही, बीम संपलं आणि नवं आलं नाही, कारण काहीही असो, घरात येणारा पैसा बंद. दादांचा काहीच दोष नसायचा आणि खाडा मात्र त्यांच्याच नावावर पडायचा.

म्हणून मी रक्कम सांगितली तेव्हा दादांनी पहिल्यांदा तिचा आठवडा केला.

"म्हंजे आठवड्याला किती पडतंय?"

"सातशेच्या आसपास."

ते जरा हिरमुसलेच असावेत. वीज नीट असली तर त्यांचा आठवडाही तेवढा पडायचा, तोही डी.एड. न करता. मग त्यांनी विचारलं, "आणि आता दिवाळीची सुट्टी हाय, तिचं?"

"तिचं पण मिळतंय."

"शाळा बंद असली तरी?"

मागाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे दादा घरातही मोठ्यानेच बोलायचे. हा प्रश्न तर चार घरांना ऐकू गेला असेल. बंद असली तरी मिळतात म्हटल्यावर ते हसायला लागले. पुढे चार दिवस जो भेटेल त्याला त्यांनी पगाराचा आकडा सांगितला नाही, एवढंच सांगितलं, "पोरीला सुट्टीचं बी पैसं मिळत्यात." तीन हजारांत कसलं कौतुक, असं मला वाटत होतं. दादांना मात्र त्यातली नेमकी गोष्ट दिसली होती.

आईचं वेगळंच. तिने आधी नोटा देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, अंबाबाईसाठी एकशे एक रुपये बाजूला काढले. नंतर फळीवरच्या डब्याखालून किराण्याच्या खात्याची वही काढली.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. लाल पुठ्ठ्याची, तळहातापेक्षा थोडी मोठी, तेलाच्या डागांनी पानं पारदर्शक झालेली. डावीकडे तारीख, मध्ये माल, उजवीकडे रक्कम, आणि पानाच्या तळाशी 'मागील बाकी'. मजुरी झाली की थोडे भरायचे आणि पुन्हा माल उचलायचा. बाकी कधी शून्यावर यायची नाही. माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत तर ती वाढतच गेली होती. फीला पैसे लागले की त्या आठवड्याला दुकानात काहीच भरलं जायचं नाही. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने कधी चारचौघांत मागितले नाहीत. पण बाकी जास्त झाली की आई आम्हाला मागच्या बोळातून शाळेत पाठवायची. आणि दुकानातून जे येईल ते आम्ही खायचो. तांदळात खडे, डाळीत टोके, साखरेत ओल. आई निवडत बसायची, पण परत कधी नेऊन दिलं नाही. ज्याचं देणं आहे त्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवणार? भाव विचारायचीही सोय नव्हती. तो लावील तो भाव.

बाकी निघाली चार हजार तीनशेच्या पुढे. म्हणजे माझ्या पहिल्या पगाराने जे विकत घेतलं त्यातलं बरंचसं मी आधीच खाऊन संपवलं होतं. मला साडी घ्यायची होती आईला. दोन दुकानांत बघूनही ठेवली होती. आई म्हणाली, "साडी नेसून त्या दुकानावरनं कशी जाऊ? आधी ते."

आम्ही दोघी गेलो. दुकानदाराने नोटा मोजल्या, दोन्ही वह्यांवर आडवी रेघ मारली, वरचे तेवीस रुपये सोडले आणि पोरीच्या नोकरीबद्दल पेढे मागितले. मला वाटलं, आता घरी जायचं. आई हलली नाही. तिने रोखीने किलोभर तूरडाळ मागितली. त्याने पुडी बांधली. आईने ती तिथेच उघडली, मूठभर डाळ हातावर घेतली, बोटाने पसरली आणि पुडी परत सरकवली.

"ही नको. आतल्या पोत्यातली दावा. आन् भाव काय लावलाय त्यो बी सांगा."

मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता. सराईत गिऱ्हाईक बोलतं तसं ती बोलत होती. दुकानदाराने पोऱ्याला आत पाठवलं. दुसरी डाळ आली, तीही तिने नीट बघितली, दोन रुपये कमी करायला लावले, आणि जाता जाता मागच्या खेपेच्या पोह्यांची तक्रारही केली. तो म्हणाला, "तेव्हाच सांगायचं की, वहिनी." आईने यावर काही उत्तर दिलं नाही.

उरलेल्या पैशांत धाकट्याच्या आयटीआयची फी गेली, फराळाचं सामान आलं, आणि मी माझ्यासाठी तीन लिटरचा कुकर घेतला. साडी राहिली. ती पुढच्या वर्षी घेतली आणि आईला तिचा रंग आवडला नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

पगार त्यानंतरही उशिरा व्हायचाच. फेब्रुवारीत वही पुन्हा उघडावी लागली आणि मी कायम होईपर्यंत ती अधूनमधून उघडतच राहिली. पण आई आता उधारीचा मालही बघून घ्यायची. दर महिन्याला पोरीचा पगार येतो, थोडा मागेपुढे होईल पण येतो, हे तिला माहीत होतं, आणि तिने ते दुकानदारालाही सांगून ठेवलं होतं.