सूचना : बुधवार, १९ नोव्हेंबर रोजी टाक्यांची सफाई, सकाळी १०.३० ते रात्री ८ पाणी बंद

दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
सर्व सभासद व भाडेकरू, ए व बी विंग

सस्नेह नमस्कार,

बुधवार, दि. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या जमिनीखालच्या टाकीची आणि दोन्ही विंगच्या गच्चीवरील टाक्यांची सफाई ठरली आहे. त्या दिवशी सकाळी १०.३० पासून रात्री ८ पर्यंत कोणत्याही नळाला पाणी येणार नाही. काम लवकर आटोपले तर पाणी आधी सुरू होईल, पण कृपया आठ वाजेपर्यंतची सोय धरूनच चाला.

काही सभासदांनी रविवार सुचवला होता. रविवारी सगळे घरी असतात आणि धुणी, साफसफाई त्याच दिवशी निघते, म्हणजे पाणी सर्वांत जास्त लागते तेव्हाच ते बंद राहिले असते. म्हणून समितीने कामाचा दिवस निवडला.

गेल्या रविवारी टाक्या उघडून पाहिल्या. बी विंगच्या टाकीच्या झाकणाचे रबर कुजून एका बाजूला दोन बोटे फट पडली होती आणि पाण्यावर कबुतराचे पीस तरंगत होते. आतल्या भिंतीवरून हात फिरवला तर बुळबुळीत थर हाताला लागला. हेच पाणी आपल्या लहान मुलांच्या पोटात जाते. झाकण त्याच दिवशी बदलून घेतले. ओव्हरफ्लोच्या पाइपांना डासांची जाळी सफाईच्या दिवशीच बसेल.

मंगळवारी रात्री ९ वाजता बाहेरून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला जाईल आणि खालच्या टाकीत उरलेले पाणी पंपाने वर चढवले जाईल. बुधवारी सकाळी १०.३० पर्यंत तेच पाणी सर्वांना पुरवायचे आहे. त्यामुळे साठवण मंगळवारी दुपारी ३ ते रात्री ९ या वेळेत करावी. तेव्हा पंप चालू असेल. बुधवारी सकाळी सगळ्यांनी एकदम पिंपे भरायला घेतली तर नऊच्या आतच टाक्या रिकाम्या होतील आणि वरच्या मजल्यांना आंघोळीपुरतेही पाणी मिळणार नाही. पिण्याचे पाणी वेगळे, झाकून ठेवावे. गरजेपुरतेच भरावे, दुसऱ्या दिवशी ओतून द्यायला नको.

बुधवारी सकाळी ८ ला खालची टाकी, मग ए विंग आणि शेवटी बी विंग, असा क्रम राहील. गाळ काढून भिंती ब्रशने व पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने घासल्या जातील, नंतर क्लोरीनचे द्रावण फिरवून टाक्या पुन्हा धुतल्या जातील. तळाचे गढूळ पाणी बागेला व पार्किंग धुवायला वापरू. क्लोरीन मात्र झाडांना जाऊ देणार नाही. अग्निशमनाची टाकी वेगळी आहे, ती भरलेलीच राहील. बंद टाकीत उतरणे जोखमीचे असते. म्हणून कामगार एकट्याने आत जाणार नाही, तोंडाशी दुसरा माणूस कायम असेल आणि हवा खेळती ठेवली जाईल. झाकणे उघडी असल्यामुळे गच्ची दिवसभर बंद राहील. मुलांना कृपया तिकडे पाठवू नये. टाक्यांवर ठेवलेल्या कुंड्या व जुने सामान सोमवारपर्यंत ज्याचे त्याने हलवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाणी गेले की माणूस नळ उघडून पाहतो आणि तसाच सोडून बाहेर पडतो. रात्री पाणी आले की बंद घरात ते वाहत राहते आणि खालच्या घराचे छत भिजते. घराबाहेर पडताना प्रत्येक नळ हाताने फिरवून पाहावा. गावाला जाणाऱ्यांनी घराचा मुख्य कॉक बंद करून जावे.

गिझर सकाळीच बंद करावा आणि गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत चालू करू नये. आत पाणी नसताना तापला तर कॉइल जळते. प्युरिफायर व वॉशिंग मशीनचे कॉकही बंद ठेवावेत, नाहीतर सुरुवातीचा गाळ फिल्टरमध्ये अडकतो. संध्याकाळी पाणी सुरू झाल्यावर आधी बाथरूमचा नळ सोडून हवा व गढूळपणा जाऊ द्यावा. ते पाणी बादलीत धरले तर फरशी पुसायला होईल. क्लोरीनचा किंचित वास येईल. पण वास तीव्र वाटला किंवा पाणी स्वच्छ होत नसेल तर ते पिऊ नये, लगेच कळवावे.

घरी आजारी, वयस्कर व्यक्ती किंवा तान्हे बाळ असेल त्यांनी वॉचमनच्या केबिनमधील वहीत मंगळवारपर्यंत फ्लॅट क्रमांक लिहावा. तळमजल्यावर भरून ठेवलेल्या पिंपांतून त्यांच्या दारापर्यंत बादल्या पोहोचवल्या जातील. लिफ्ट चालू राहील. खर्च देखभाल निधीतून होईल, वेगळी वर्गणी नाही.

सफाईनंतर टाक्या डोळ्यांनी पाहायच्या असतील त्यांनी दुपारी ४ वाजता ए विंगच्या जिन्यापाशी यावे. मी तिथे असेन. भाडेकरूंपर्यंत ही सूचना पोहोचवण्याची जबाबदारी घरमालक सभासदांची आहे.

आपला,
सचिव
व्यवस्थापक समितीच्या वतीने